ऑफिस लांब आहे आणि कारपूल सुरू करायचंय? आधी मिनिटं ठरवा, मग पैसे

मी गेली काही वर्षं ऑफिसला स्वतःची गाडी घेऊन जाते आणि सोबत तीन सहकारी असतात. ऑफिस घरापासून ३८ किलोमीटर. नवीन जॉइन झालेले लोक नेहमी विचारतात की कुठलं अ‍ॅप घेऊ, किती पैसे मागू, शटल बरी की कारपूल. म्हणून एकदाच सगळं नीट लिहून ठेवतेय. यात अ‍ॅपची तुलना नाहीये, कारण बटणं आणि रंग वेगळे असले तरी आतलं काम सगळीकडे जवळपास सारखंच असतं. लिहितेय ते पहिल्या दिवसापासून गाडी सुरळीत चालावी म्हणून काय काय ठरवायचं त्याबद्दल.

आमचा पहिला ग्रुप तिसऱ्याच आठवड्यात मोडला होता. पैशावरून एक शब्दही झाला नव्हता, भांडण झालं ते थांबण्यावरून. रोज कोणीतरी ५ मिनिटं उशिरा यायचं, पुढचा माणूस रस्त्यावर उभा राहून फोन करत बसायचा आणि मी गल्लीबोळांतून गाडी काढत घामाघूम व्हायचे. तेव्हा कळलं की कारपूलमध्ये खरा खर्च मिनिटांचा असतो, आणि अ‍ॅप तुम्हाला दाखवतं फक्त पैशांचा.

पायरी १ : अकाउंट उघडताना

ऑफिसचा ईमेल आयडी टाकून ओटीपीने व्हेरिफाय करा. पर्सनल ईमेलवर पण अकाउंट उघडतं बऱ्याच अ‍ॅपमध्ये, पण मग तुम्ही सगळ्या जगाला दिसता आणि सगळं जग तुम्हाला. ऑफिसचा ईमेल टाकला की सेटिंगमध्ये 'फक्त माझ्या कंपनीतले लोक' असा पर्याय सापडतो, तो आपोआप चालू नसतो बरेचदा, तो स्वतः जाऊन चालू करायचा. काही अ‍ॅपमध्ये बायकांसाठी 'फक्त महिला' असाही पर्याय असतो, हवा असेल तर तोही तिथेच मिळतो.

घराचा पत्ता टाकताना एक गोष्ट करा, दारावर पिन टाकू नका. जवळचा चौक किंवा मेन रोडचा कोपरा टाका. एक कारण प्रायव्हसीचं, कारण मॅच शोधणाऱ्या प्रत्येकाला तुमचा पिन दिसू शकतो. दुसरं कारण असं की अ‍ॅप त्याच पिनवरून गाडीचा रस्ता काढतं, पिन गल्लीत असेल तर गाडी गल्लीत आणतं आणि पिकअपची सगळी गडबड तिथूनच सुरू होते. त्याबद्दल पुढे सविस्तर आहेच.

लोकेशनची परवानगी मागेल तेव्हा नुसतं बसून जाणाऱ्याने 'फक्त अ‍ॅप वापरताना' निवडलं तरी पुरतं. गाडी चालवणाऱ्याची गोष्ट वेगळी आहे, त्याचा ठिपका बाकीच्यांना सतत दिसायला हवा.

पायरी २ : मॅचचा टक्का बघू नका, वळसा किती मिनिटांचा आहे ते बघा

अ‍ॅप तुम्हाला लोक सुचवतं आणि शेजारी लिहितं ९० टक्के मॅच, ८५ टक्के मॅच. हा टक्का साधारणपणे दोघांचा रस्ता किती किलोमीटर एकच आहे त्यावरून येतो. ३८ किलोमीटरपैकी ३५ किलोमीटर एकत्र असले की टक्का भारी दिसणारच, पण उरलेले ३ किलोमीटर कसले आहेत ते टक्का सांगत नाही. ते शाळेसमोरून जात असतील, दोन सिग्नल असतील, वनवे असेल, तर त्या ३ किलोमीटरमध्येच सगळी सकाळ जाते.

सगळ्यात मोठा फसवा प्रकार म्हणजे डिव्हायडर. पिन नकाशावर मेन रोडला अगदी चिकटून दिसतो, ५० मीटर वगैरे, पण तो रस्त्याच्या पलीकडच्या बाजूला असतो आणि मध्ये डिव्हायडर असतो. मग गाडीला पुढे जाऊन यू-टर्न, परत मागे, परत यू-टर्न, म्हणजे दोनेक किलोमीटर आणि ६-७ मिनिटं. हे आधी ओळखायची पद्धत सोपी आहे. नकाशाच्या अ‍ॅपमध्ये तुमच्या घरापासून ऑफिसपर्यंत कारचा रस्ता काढा आणि वेळ बघा, मग मध्ये तो पिन थांबा म्हणून टाका आणि परत वेळ बघा. दोन्हीतला फरक हाच खरा वळसा. पण हे सकाळच्याच वेळेला लावून बघा, म्हणजे 'या वेळेला पोचायचंय' हा पर्याय निवडून आठवड्याच्या मधल्या एखाद्या कामाच्या दिवसाची वेळ टाका. रात्री ११ वाजता घरी बसून काढलेला वळसा सकाळी ८ वाजता काहीही कामाचा नसतो.

माझा अंदाज असा आहे की एका माणसामागे ३ मिनिटांपेक्षा जास्त वळसा होत असेल तर त्या माणसाला घरून उचलायचं नाही, त्यानेच थोडं चालत मेन रोडला यायचं. यात कोणाला कमी लेखायचा प्रश्न नाही, गाडीतल्या सगळ्यांची मिनिटं वाचतात.

पायरी ३ : पिकअप पॉइंट, आमच्याच ग्रुपचं उदाहरण

आमच्या आत्ताच्या ग्रुपमध्ये मी गाडी चालवते, बाकी अकाउंट्समधल्या ताई, एक नवीन जॉइन झालेला मुलगा आणि वेअरहाऊस बघणारे काका. मी एकटी गेले तर नेहमीच्या दिवशी ५५ मिनिटं लागतात, वाईट दिवशी ७०.

सुरुवातीला सगळ्यांना घरून घ्यायचं ठरलं. ताईंची सोसायटी आत आहे, त्यांचा वळसा ९ मिनिटांचा. काकांचा ६ मिनिटांचा. मुलगा जवळपास वाटेवरच राहतो, त्याचे २. शिवाय प्रत्येकाच्या दारात गाडी उभी केली की सरासरी ३ मिनिटं जायचीच, लिफ्ट आली नाही, डबा विसरला, काहीतरी असतंच. म्हणजे ५५ अधिक १७ अधिक ९, एकूण ८१ मिनिटं. माझी रोजची २६ मिनिटं जास्त, आणि ती फक्त जातानाची. येताना पण तसंच केलं तर दिवसाला पाऊण तासाच्या वर गेला. गाडी चालवणारा माणूस हे महिनाभर सहन करतो आणि मग एक दिवस म्हणतो की पुढच्या सोमवारपासून मला जमणार नाही, आणि बाकीच्यांना कळतच नाही की काय बिनसलं.

मग आम्ही सगळे एकदा कॅन्टीनमध्ये नकाशा उघडून बसलो आणि दोनच थांबे ठरवले. ताई ७ मिनिटं चालत मेन रोडच्या बस थांब्यापाशी येतात, मुलगा पण तिथेच येतो. काकांचा थांबा पुढे, त्यांच्या घराजवळच्या चौकाच्या अलीकडे, ऑफिसकडे जाणाऱ्या बाजूला. आता पहिल्या थांब्याचा वळसा १ मिनिट, दुसऱ्याचा २ मिनिटं, आणि दोन्हीकडे थांबायला २-२ मिनिटं. ५५ अधिक ३ अधिक ४, एकूण ६२. म्हणजे ८१ वरून ६२, आणि त्यासाठी ताईंना ७ मिनिटं चालावं लागतं. ताई पण खूश आहेत कारण आधी त्यांना गाडीत ८१ मधला मोठा भाग बसून काढावा लागत होता.

थांबा निवडताना मी आता एवढंच बघते : गाडी दोन मिनिटं बाजूला उभी राहू शकते का, मागून हॉर्न वाजणार नाही ना, पावसाउन्हात उभं राहायला आडोसा आहे का, आणि अंधार असेल तेव्हा तिथे उजेड असतो का. चौकाच्या नंतर थांबणं जास्त बरं पडतं बहुतेक ठिकाणी, कारण अलीकडे थांबलं की सिग्नल सुटल्यावर आपणच मागच्यांची वाट अडवतो. काकांच्या चौकात मात्र पुढे थांबायला जागाच नाही म्हणून अलीकडचा थांबा घेतला, तेव्हा जागेवर जाऊन एकदा स्वतः बघाच.

आणि थांब्याला सांगण्यासारखं नाव द्या. 'पिन टाकलाय, ये' हे उंच बिल्डिंगांच्या मध्ये किंवा फ्लायओव्हरखाली चालत नाही, कारण तिथे सॅटेलाइटचा सिग्नल भिंतींवरून आपटून येतो किंवा अडतो आणि ठिपका शेजारच्या रस्त्यावर उडी मारतो. माणूस खाली सर्व्हिस रोडला उभा आणि अ‍ॅप गाडीला वर फ्लायओव्हरवरून नेतंय असं झालंय आमच्याकडे, वर चढल्यावर परत यायला १० मिनिटं गेली. म्हणून 'बस थांब्याच्या खांबापाशी, फ्लायओव्हरच्या खाली, डाव्या बाजूला' असं वाक्यात लिहून अ‍ॅपच्या नोटमध्ये टाका.

पायरी ४ : वेळापत्रक आणि ३ मिनिटांचा नियम

आमचं पंचिंग ९ वाजता. मी ७:४० ला निघते, पहिल्या थांब्यावर ७:५२, तिथून ७:५४ ला सुटते, काकांपाशी ८:०३, तिथून ८:०५, आणि ऑफिसात ८:४२. वर १८ मिनिटं मोकळी ठेवलीत. ही १८ उगाच नाहीत. नेहमीच्या आणि वाईट दिवसात १५ मिनिटांचा फरक आहे, तो त्यात बसतो, म्हणजे खराब दिवशीही ८:५७ ला पोचतो. तुमच्या रस्त्याचा चांगला आणि वाईट दिवस यातला फरक काढा, तेवढी तरी मोकळी मिनिटं ठेवा. अ‍ॅप जो पोचायचा टाइम दाखवतं तो साधारण दिवसाचा अंदाज असतो, त्यावर पंचिंग अवलंबून ठेवू नका.

आता उशिराचं. इथे एक गोष्ट समजून घ्या की उशीर साठत जातो. मी २ मिनिटं उशिरा निघाले, पहिल्या थांब्यावर ३ मिनिटं जास्त गेली, तर काकांना ५ मिनिटं जास्त उभं राहावं लागतं, आणि त्यात त्यांची चूक काहीच नाही. जितका नंतरचा थांबा तितका त्या माणसाला सगळ्यांचा उशीर भोगावा लागतो. म्हणून शेवटच्या माणसाने घड्याळ बघून घर सोडू नये, लाइव्ह लोकेशन बघून सोडावं. आमच्यात ठरलंय की गाडी पहिल्या थांब्यावरून सुटली की काका घरातून निघतात, कारण त्यानंतर ९ मिनिटं लागतात आणि त्यांना थांब्यापर्यंत ४ मिनिटं चालायचं असतं.

नियम आम्ही तीनच ठेवले. ठरलेल्या वेळेनंतर गाडी ३ मिनिटं थांबेल, मग निघेल, फोन करून विचारणार नाही. उद्या यायचं नसेल तर रात्री ९ च्या आत अ‍ॅपमध्ये कॅन्सल करायचं. सकाळी अचानक काही झालं तर मी घरून निघायच्या आधी मेसेज. बस्स. पहिल्यांदा गाडी खरोखर निघून गेली तेव्हा मुलाला वाईट वाटलं आणि मलाही वाटलं, पण त्या दिवशी तो शटलने आला आणि नंतर कधीच उशीर झाला नाही. हे नियम पहिल्याच दिवशी बोलून घेतले म्हणून कोणाचं मन दुखलं नाही, तीन आठवड्यांनी चिडून सांगितले असते तर दुखलं असतं.

पायरी ५ : पैशांचा हिशोब, पण लिटरमध्ये

बऱ्याच अ‍ॅपमध्ये किलोमीटरमागे रेट आधीच भरलेला असतो आणि वॉलेटमधून आपोआप कापला जातो, वर अ‍ॅपची फी. सोयीचं आहे. पण रोजच्या ग्रुपमध्ये मी वेगळं सुचवीन, हिशोब लिटरमध्ये ठेवा आणि महिन्याच्या शेवटी त्याचे पैसे करा. इंधनाचा भाव वरखाली होत राहतो, प्रत्येक वेळी रेट बदलायचा विषय काढायला अवघड जातं, लिटर मात्र तेवढेच राहतात.

आधी गाडीचं खरं अ‍ॅव्हरेज काढा, कंपनीने ब्रोशरमध्ये दिलेलं घेऊ नका. टाकी फुल करा, पंपाचा नोझल आपोआप बंद होईपर्यंत, आणि ट्रिप मीटर शून्य करा. आठवडाभर नेहमीसारखी चालवा, चौघं बसून. मग परत तशीच फुल करा. जितके किलोमीटर झाले त्याला दुसऱ्यांदा जितके लिटर गेले त्याने भागा. माझ्या गाडीचं १५ आलं.

आता वळशासकट माझा रस्ता ३९ किलोमीटर, जाऊन-येऊन ७८, म्हणजे दिवसाला ५.२ लिटर. गाडीत चार माणसं. १५ च्या अ‍ॅव्हरेजने एका किलोमीटरला लिटरचा पंधरावा भाग जातो, चौघांत वाटला की माणशी साठावा भाग. म्हणजे लक्षात ठेवायला सोपं, ६० किलोमीटर बसलात की १ लिटर. ताई आणि मुलगा पहिल्या थांब्यापासून ३३ किलोमीटर बसतात, एका फेरीचा त्यांचा वाटा ०.५५ लिटर. काका २८ किलोमीटर बसतात, ०.४७ येतं, आम्ही ०.४५ धरलं. दिवसाला तिघांचे मिळून ३.१ लिटर झाले आणि माझे उरले २.१. माझा वाटा जास्त आहे आणि तो बरोबर आहे असं मला वाटतं, कारण सुरुवातीचा रस्ता मी एकटीच जाते आणि गाडी माझ्याच दारात उभी असते.

दिवस न मोजता फेऱ्या मोजा. ताई बरेचदा सकाळी येतात पण संध्याकाळी लेकीला घ्यायला लवकर जातात. महिन्यात त्यांच्या ३८ फेऱ्या झाल्या तर ३८ गुणिले ०.५५ म्हणजे २०.९ लिटर, आणि त्या महिन्यात मी जितक्या वेळा इंधन भरलं त्या भावांची सरासरी काढून तेवढे पैसे. फेऱ्यांची यादी अ‍ॅपच्या हिस्टरीमध्ये असतेच, फक्त सगळ्यांनी गाडीत बसल्यावर 'बसलो' आणि उतरल्यावर 'उतरलो' दाबायला हवं, नाहीतर हिस्टरीत भोकं पडतात.

एखादा आला नाही तर त्याचा वाटा बाकीच्यांवर टाकायचा का? आम्ही टाकत नाही. सीटचा वाटा ठरलेला आहे, रिकामी सीट मी सोसते, कारण मी तर जाणारच होते. बाकीच्यांवर टाकला तर आजारी पडलेल्या माणसामुळे दुसऱ्याचा खर्च वाढतो आणि मग सुट्टी कोणी का घेतली याची चर्चा सुरू होते, ती नको. टोल आणि पार्किंग मात्र त्या दिवशी गाडीत जितके असतील तितक्यांत सरळ वाटतो.

खर्चापेक्षा जास्त पैसे घेऊ नका, हे मी कळकळीने सांगतेय. खाजगी गाडीत खर्च वाटून घेणं आणि भाडं कमावणं यात बऱ्याच देशांचे कायदे आणि विमा कंपन्या फरक करतात. ब्लाब्लाकारसारख्या मोठ्या अ‍ॅपनेही ड्रायव्हर किती मागू शकतो त्यावर मर्यादा ठेवलीय, याच कारणासाठी. नफा होतोय असं दिसलं तर अपघातानंतर क्लेम अडकू शकतो, आणि तो क्लेम गाडीतल्या माणसांच्या उपचाराचाही असतो. म्हणून गाडीवाल्याने विमा कंपनीला एक ईमेल टाकावा : मी ऑफिसला जाताना सहकाऱ्यांना घेऊन जाते, ते इंधनाचा वाटा देतात, माझ्या पॉलिसीत हे चालतं का. उत्तर लेखी ठेवा. आणि जितके सीट बेल्ट तितकीच माणसं, मागच्या सीटवर चौथा 'सरकून बसू' म्हणाला तरी नाही.

पायरी ६ : ठिपका हलतच नाही तेव्हा

सगळ्यात जास्त तक्रार हीच येते. थांब्यावर उभं असताना गाडीचा ठिपका एकाच जागी गोठलेला दिसतो आणि मग एकदम दोन किलोमीटर उडी मारून पुढे येतो. ट्रॅफिक असेल असं वाटतं, पण बरेचदा ड्रायव्हरच्या फोनने बॅटरी वाचवायला अ‍ॅपला मागे झोपवलेलं असतं. ओळखायचं कसं, तर ठिपक्यावर टॅप केल्यावर 'शेवटचं अपडेट' किती वाजताचं आहे ते बघा, ज्या अ‍ॅपमध्ये ते दिसतं तिथे. वेळ ताजी आहे आणि ठिपका हलत नाही म्हणजे ट्रॅफिक. वेळ ४ मिनिटं जुनी आहे म्हणजे फोन झोपलाय, गाडी कदाचित तुमच्या पुढ्यातच येऊन उभी राहील.

उपाय ड्रायव्हरच्या फोनमध्ये आहे. सेटिंगमध्ये जाऊन त्या अ‍ॅपसाठी बॅटरीचे निर्बंध काढा, लोकेशन 'नेहमी' करा, बॅटरी सेव्हर बंद ठेवा, आणि फोन होल्डरवर चार्जिंगला लावून स्क्रीनवर अ‍ॅप उघडं ठेवा. फोन अपडेट झाला की ही सेटिंग कधीकधी परत पूर्ववत होते, तेव्हा अपडेटच्या दुसऱ्या दिवशी एकदा तपासून घ्या. गाडी चालू असताना मेसेजला उत्तर द्यायचं काम शेजारी बसलेल्याचं, ड्रायव्हरने फोनला हात लावायचा नाही.

पायरी ७ : संध्याकाळ, आणि शटल कुठे बसवायची

सकाळी सगळ्यांची पोचायची वेळ एक असते. संध्याकाळी नसते. कोणाची मीटिंग लांबते, कोणाचा क्लोजिंगचा दिवस असतो. सकाळी व्यवस्थित चालणारे ग्रुप संध्याकाळीच फाटतात. म्हणून अ‍ॅपमध्ये जाणं आणि येणं या दोन वेगळ्या राइड म्हणून टाका, एकच राउंड ट्रिप करू नका, म्हणजे एक कॅन्सल केली तरी दुसरी राहते. आमची गाडी ६:१५ ला गेटवरून निघते, ज्याला जमणार नाही त्याने ५ पर्यंत सांगायचं आणि शटल पकडायची.

शटलचं अ‍ॅप कारपूलपेक्षा कडक असतं, कारण मागे रूट बसवणारा माणूस किंवा सॉफ्टवेअर असतं आणि त्याला आकडा आधी लागतो. बुकिंगची शेवटची वेळ कुठलीय ते पहिल्याच दिवशी ट्रान्सपोर्ट डेस्कला विचारून घ्या. काही ठिकाणी सकाळच्या शटलसाठी आदल्या संध्याकाळपर्यंत बुक करावं लागतं, संध्याकाळच्यासाठी दोनेक तास आधी. त्यानंतर अ‍ॅप बुकिंग घेतं पण वेटलिस्टला टाकतं, आणि लोकांना वाटतं सीट मिळाली. 'कन्फर्म' शब्द आणि सीट नंबर किंवा क्यूआर दिसल्याशिवाय सीट आहे असं समजू नका.

थांब्यांचे दोन प्रकार असतात. एक ठरलेले थांबे, रोज तेच, बस येवो न येवो तुम्हाला जागा माहीत असते. दुसरे रोज बदलणारे, त्या दिवशी कोणी कोणी बुक केलंय त्यावरून सॉफ्टवेअर रस्ता काढतं. दुसऱ्या प्रकारात तुमचा थांबा आणि वेळ आदल्या रात्री किंवा त्याच दिवशी बदलू शकते, कालच्याच जागी जाऊन उभं राहिलात तर बस पलीकडच्या रस्त्याने निघून जाते. निघायच्या आधी अ‍ॅप उघडून थांबा परत बघायची सवय लावून घ्या. आणि दाखवलेली वेळ बस यायची आहे की सुटायची, तेही विचारा, आमच्याकडे ती सुटायची होती आणि हे कळेपर्यंत मुलाच्या दोन बस चुकल्या.

बुक करून न जाणं म्हणजे नो-शो, त्याची मोजणी होते. ठरावीक नो-शो झाले की काही दिवस बुकिंग बंद. कारपूलवाले लोक 'असू दे बॅकअप' म्हणून रोज शटलही बुक करून ठेवतात आणि मग खरंच गरज असते तेव्हा ब्लॉक झालेले असतात. शिवाय ती सीट दुसऱ्या कोणाला नाकारली गेली असते. तेव्हा ५ वाजता नक्की झालं की मगच बुक करा, आणि नको असेल तर लगेच सोडा.

एक प्रश्न एचआरला जरूर विचारा : घरी अचानक काही झालं, मूल आजारी पडलं, आणि मी दुसऱ्याच्या गाडीतून आलेय, तर दुपारी परत जायची सोय कंपनी देते का. काही कंपन्या वर्षातून ठरावीक वेळा टॅक्सीचे पैसे देतात, पण विचारल्याशिवाय हे कोणी सांगत नाही. कंपनी देत नसेल तर जवळची टॅक्सीची सोय आधी शोधून नंबर सेव्ह करा. स्वतःची गाडी घरी ठेवायला लोक कचरतात ते बहुतेक याच भीतीने, आणि ती भीती खरी आहे.

पायरी ८ : पहिले दोन आठवडे

पहिल्या सोमवारी सुरू करू नका, सोमवारची गर्दी वेगळी असते, बुधवारी सुरू करा. दोन आठवडे ट्रायल आहे असं स्पष्ट सांगून सुरू करा म्हणजे ज्याला जमत नाही तो न लाजता बाहेर पडतो. रोज फक्त दोन वेळा लिहून ठेवा, शेवटच्या थांब्यावरून सुटलो कधी आणि पोचलो कधी. दहा दिवसांनी बघा, शेवटच्या थांब्यावरून सुटायची वेळ रोज घसरत असेल तर गडबड थांब्यांवर आहे, आणि ती ठीक असून पोचायलाच उशीर होत असेल तर गडबड रस्त्याची आहे, मग घरून १० मिनिटं लवकर निघून बघा. आमच्यात आठव्या दिवशी लक्षात आलं की पहिला थांबा रोज ४ मिनिटं खातोय, कारण ताई आणि मुलगा बस थांब्याच्या दोन टोकांना उभे राहायचे. एका खांबापाशी उभं राहायचं ठरवलं आणि झालं.

अ‍ॅपच्या बाहेर पण एकमेकांचे नंबर ठेवा आणि छोटा ग्रुप करा. अ‍ॅप बंद पडू शकतात, गूगलच्या मालकीच्या वेझचं कारपूल अ‍ॅप २०२२ मध्ये बंदच झालं, एवढी मोठी कंपनी मागे असून. महिन्याच्या शेवटी अ‍ॅपमधल्या फेऱ्यांची यादी उतरवून घ्या किंवा स्क्रीनशॉट काढा.

आणि सुट्टीवर जाताना रोजची रिपीट राइड पॉज करायला विसरू नका. ती चालूच राहिली तर अ‍ॅप सकाळी सगळ्यांना 'तुमची गाडी निघतेय' असं कळवतं, आणि काका ८ वाजता चौकात येऊन उभे राहतात.